शून्य टक्के, अधिक जीएसटी

दसऱ्याच्या आठवड्यात फ्रिज घ्यायला गेलं की किंमत विचारायच्या आधीच सेल्समन हप्ता सांगून मोकळा होतो. "साहेब, छत्तीसचा पीस आहे. सहा हजार महिना, सहा महिने. व्याज एक रुपया नाही." सहा सक छत्तीस. हिशेब तोंडी जुळतो, त्यामुळे शंका घ्यायला जागा उरत नाही. कार्ड पुढे होतं. सेल्समन मशीनवर बँक निवडतो, मुदत निवडतो, फ्रिजच्या खोक्यावरचा सीरियल नंबर टाकतो, मशीन आपल्यासमोर धरून पिन मागतो आणि हातभर लांब स्लिप बाहेर येते.

ही स्लिप बहुतेक जण घडी घालून पाकिटात टाकतात. ती तिथेच काउंटरवर उभं राहून वाचली, तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. फ्रिजची किंमत ३६,००० रुपये, पण कर्जाची रक्कम म्हणून छापलेलं असतं ३४,४७६. त्याखाली वार्षिक व्याजदर १५ टक्के. त्याखाली मासिक हप्ता ६,००० आणि एकूण भरायची रक्कम ३६,०००. व्याज शून्य म्हणाले होते, मग हे १५ टक्के कुठून आले? आणि फ्रिज छत्तीस हजारांचा, तर कर्ज दीड हजारांनी कमी का?

दोन्हींचं उत्तर एकच आहे. बँक फुकट कर्ज देत नाही, तिचं व्याज ती लावतेच. कार्डावरच्या अशा हप्त्यांना ते साधारण पंधरा-सोळा टक्क्यांच्या आसपास असतं. आपण सोयीसाठी १५ धरू. सहा महिन्यांत या कर्जावर १,५२४ रुपये व्याज होतं. तेवढीच सूट कंपनी किंवा दुकानदार सुरुवातीलाच किमतीतून देतो. ३६,००० मधून १,५२४ वजा केले की ३४,४७६ उरतात. तेवढ्याचंच कर्ज आपल्या नावावर चढतं, त्यावर व्याज लागतं आणि मुद्दल-व्याज मिळून पुन्हा बरोबर छत्तीस हजार होतात. व्याज नाहीसं झालेलं नाही, ते किमतीच्या आत बसवलेलं आहे. नो कॉस्ट ईएमआय म्हणतात तो हाच.

ही रचना अशी का, त्यामागे रिझर्व्ह बँकेची एक सूचना आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना स्पष्ट बजावलं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते. कार्डाच्या थकबाकीवरच्या शून्य टक्के योजनांमध्ये व्याज लपवून ते प्रोसेसिंग फीच्या नावाखाली ग्राहकाकडून घेतलं जातं, अशी तिची तक्रार होती. वस्तूवर कंपनीची सूट असेल तर ती कर्जाच्या रकमेतून कमी करा, व्याजदर कमी दाखवू नका, असंही तिनं सांगितलं. आपल्या स्लिपवर १५ टक्के राजरोस छापलेले दिसतात आणि कर्ज ३४,४७६ चं दिसतं, ते त्यामुळे. पुढे एप्रिल २०२२ च्या कार्डविषयक निर्देशांत आणखी एक पाऊल टाकलं गेलं. व्यवहार हप्त्यांत बदलण्याआधी मुद्दल किती, व्याज किती आणि नो कॉस्ट करण्यासाठी दिलेली सूट किती, हे बँकेनं ग्राहकाला वेगवेगळं दाखवायचं, आणि पुढे कार्डाच्या स्टेटमेंटवरही ते वेगळं दिसलं पाहिजे. ज्या हप्त्यात ग्राहकाच्या अंगावर व्याज पडतं, त्याला नो कॉस्टचा मुलामा द्यायचा नाही, हेही त्यात आहे.

म्हणजे कागदावर सगळं स्वच्छ आहे. तरीही महिन्यानं पहिलं स्टेटमेंट येतं तेव्हा त्यावर ६,००० नसतात. आपल्या उदाहरणात ६,३१२ रुपये ३९ पैसे असतात.

हे वरचे तीनशे बारा रुपये कशाचे, ते सुटं करून पाहू. पहिला भाग प्रोसेसिंग फीचा. व्यवहार हप्त्यांत बदलल्याबद्दल बँक एकदाच घेते ती ही रक्कम. दुकानात स्वाइप करून केलेल्या हप्त्यांना बऱ्याच बँका १९९ किंवा २९९ रुपये अशी ठोक फी लावतात. आपण १९९ धरली. फी म्हणजे बँकेनं दिलेल्या सेवेचा मोबदला, आणि सेवेवर १८ टक्के जीएसटी. १९९ वर तो होतो ३५.८२. मिळून २३४.८२. ही फी दुकानाच्या बिलात कधीच नसते, कारण दुकानाचा तिच्याशी संबंध नाही. स्लिपच्या तळाशी बारीक अक्षरात तिचा उल्लेख असतो आणि ती थेट पहिल्या स्टेटमेंटवर अवतरते. सेल्समनला विचारलं तर "ते बँकेचं असतं थोडंफार" एवढंच उत्तर मिळतं. त्याचं खोटं नसतं, पण ते थोडंफार म्हणजे किती हे त्यालाही सांगता येत नाही. प्रत्येक बँकेची फी वेगळी.

दुसरा भाग जास्त लबाड आहे, कारण त्याची कल्पनाच नसते. व्याजावरचा जीएसटी. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा कर्जावरच्या व्याजाला करातून सूट मिळाली. म्हणून गृहकर्जाच्या किंवा मोटारीच्या कर्जाच्या व्याजावर जीएसटी लागत नाही. पण त्या सूटीतून एक अपवाद काढलेला आहे, क्रेडिट कार्डाच्या सेवेतल्या व्याजाचा. कार्डावरच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आहे. आता आपल्या फ्रिजच्या व्याजाची भरपाई कंपनीनं सूट देऊन केली, हे खरं. पण बँकेच्या वहीत ते व्याज आपल्याच खात्यावर पडलेलं आहे. त्यामुळे त्यावरचा कर आपल्याच माथी. कंपनीची सूट व्याजापुरती असते, व्याजावरच्या करापुरती नसते. जे व्याज आपण खऱ्या अर्थानं भरतच नाही, त्याचा कर मात्र आपण भरतो. कायद्याच्या दृष्टीनं यात चूक काही नाही. ऐकायला विचित्र वाटतं एवढंच.

हा कर एकदम लागत नाही, महिन्याच्या हप्त्यातलं व्याज जेवढं तेवढ्यावर लागतो. पहिल्या महिन्यात ३४,४७६ वर सव्वा टक्का म्हणजे ४३०.९५ रुपये व्याज, त्यावर ७७.५७ कर. हप्त्यातले उरलेले ५,५६९ रुपये मुद्दलात गेले, म्हणून दुसऱ्या महिन्यात व्याज घसरून ३६१.३४ आणि कर ६५.०४. असं करत सहाव्या महिन्यात व्याज ७४ रुपयांवर आणि कर १३ रुपयांवर येतो. स्टेटमेंटवर ही ओळ हप्त्याखाली वेगळी दिसते. कधी आयजीएसटी म्हणून एक, तर कधी सीजीएसटी आणि एसजीएसटी अशा नऊ-नऊ टक्क्यांच्या दोन. दर महिन्याला ती कमी होत गेली पाहिजे. होत नसेल, किंवा प्रोसेसिंग फी दुसऱ्या स्टेटमेंटवर पुन्हा दिसली, तर बँकेला फोन करायला कारण आहे.

सहा महिन्यांचा व्याजावरचा कर २७४ रुपये ३० पैसे. फी आणि फीवरचा कर २३४.८२. एकूण ५०९ रुपये. छत्तीस हजारांच्या फ्रिजला शून्य टक्के हप्त्यांचा हा खरा खर्च.

५०९ जास्त की कमी? छत्तीस हजारांच्या मानानं दीड टक्कासुद्धा नाही, असं म्हणता येईल. पण ती तुलना बरोबर नाही, कारण छत्तीस हजार काही सहाही महिने आपल्याकडे नव्हते. पहिला महिनाभर छत्तीस हजार वापरायला मिळाले, हप्ता दिल्यावर दुसऱ्या महिन्यात तीस हजार, मग चोवीस, अठरा, बारा आणि शेवटच्या महिन्यात सहा. ही बेरीज १,२६,००० होते. तिला बारानं भागलं की १०,५०० येतात. म्हणजे वर्षभरासाठी साडेदहा हजार रुपये उसने घेतल्यासारखं झालं, आणि त्याचे ५०९ मोजले. हा दर निघतो वर्षाला साधारण ४.८५ टक्के. आजच्या बाजारात एवढ्या स्वस्तात कोण कर्ज देतं? इथपर्यंत सौदा वाईट नाही, असंच म्हणावं लागेल. ज्याच्याकडे पैसे आहेत त्यानं ते सहा टक्क्यांच्या ठेवीत ठेवून हप्ते भरले, तर कागदावर ६३० रुपये मिळतील आणि ५०९ जातील. उरलेल्या १२१ रुपयांतून प्राप्तिकर वजा. त्यासाठी सहा स्टेटमेंटं सांभाळायची का, ते ज्याचं त्यानं पाहावं. ज्याच्या हातात आज छत्तीस हजार नाहीत, त्याच्या दृष्टीनं मात्र पाच टक्क्यांचं कर्ज हे चांगलंच कर्ज आहे.

पण हाच हिशेब मिक्सरला लावून पाहा. सहा हजारांचा मिक्सर, तीन हप्ते, दोन हजार महिना. तीच बँक, तोच १५ टक्के दर, तीच १९९ रुपये फी. तीन महिन्यांचं व्याज १४७ रुपये, ते सूट म्हणून मिळालं. त्यावरचा कर साडेसव्वीस रुपये. फी करासकट तीच २३४.८२, कारण ठोक फी वस्तू पाहत नाही. एकूण २६१ रुपये. आता पैसे किती वापरायला मिळाले? सहा, चार आणि दोन हजार, बेरीज बारा हजार; म्हणजे वर्षभरासाठी फक्त एक हजार रुपये. हजाराला २६१. दर झाला २६ टक्के!

बँकेचा स्वतःचा दर १५ टक्के. शून्य टक्के म्हणून घेतलेला हप्ता त्याहून कितीतरी महाग पडला. आणि यात कोणी कोणाला फसवलेलं नाही. स्लिपवरचा प्रत्येक आकडा खरा आहे. फी ठोक आहे आणि कर्ज लहान आहे, एवढंच झालं. १४७ रुपयांचं व्याज वाचवायला २३५ रुपयांची फी भरली. लहान रक्कम आणि लहान मुदत या दोन गोष्टी एकत्र आल्या की ठोक फी सगळा दर गिळून टाकते. म्हणून हजार-दोन हजारांच्या हप्त्याची वस्तू काउंटरवर आली की आधी फी विचारावी, व्याज नंतर. मुदत वाढवली की फीचा बोजा पसरतो, पण व्याज वाढतं आणि त्यावरचा करही वाढतो. मिक्सरसाठी नऊ महिने हप्ते भरत बसण्यापेक्षा तो एकदाच स्वाइप करून पुढच्या स्टेटमेंटला पूर्ण पैसे भरणं केव्हाही बरं. तसंही कार्डावर खरेदीच्या तारखेनुसार वीस ते पन्नास दिवस बिनव्याजी मिळतातच, आणि त्याला ना फी ना कर.

आता पुन्हा फ्रिजकडे. वर ४.८५ टक्के काढताना मी एक गोष्ट गृहीत धरली, की तो फ्रिज रोखीनंही छत्तीस हजारांनाच मिळाला असता. दुकानात हा एकच प्रश्न विचारायचा असतो आणि तो बहुतेक वेळा विचारला जात नाही: "हप्ता नको, एकदम दिले तर कितीला द्याल?" सूट कंपनीनं दिली असेल तर दुकानदाराच्या हातात फारसं काही नसतं आणि तो किंमत हलवत नाही. पण नो कॉस्टचा भार त्याच्या स्वतःच्या कमाईतून जाणार असेल, तर रोखीत किंवा यूपीआयनं घेणाऱ्या गिऱ्हाइकाला तो हजार-पंधराशे सहज सोडतो. त्याला ते परवडतं, कारण हप्त्याचा भार वाचला.

समजा तो म्हणाला, "साडेचौतीसला देतो." मग हप्त्यांची किंमत ५०९ राहत नाही. सोडलेले १,५०० धरून ती २,००९ होते. आणि उसने घेतलेले पैसेही छत्तीस हजार न राहता साडेचौतीस हजार होतात, कारण वस्तूची खरी किंमत तेवढीच. मघाचाच हिशेब पुन्हा केला, तर दर येतो वर्षाला वीस टक्के. तोच फ्रिज, तेच कार्ड, तीच फी, तोच कर. फक्त एक प्रश्न विचारल्यावर पाचाचे वीस झाले. दुकानदारानं पाचशे रुपये जरी सोडले, तरी दर जवळपास दुप्पट होतो. म्हणून जाहिरातीतल्या शून्यापेक्षा एकरकमी किंमत किती हे कळल्याशिवाय कुठलाही हप्ता स्वस्त किंवा महाग ठरवता येत नाही.

उलटही घडतं, हे सांगायला हवं. सणाच्या दिवसांत काही कंपन्या आणि बँका मिळून फक्त हप्त्यांच्या व्यवहारावर सूट देतात. पूर्ण स्वाइप केलं तर काही नाही, हप्ता केला तर दोन हजार कमी. अशा वेळी ५०९ रुपये देऊन दोन हजार मिळतात, आणि ज्याच्याकडे सगळे पैसे आहेत त्यानंही हप्ता घेतलेला बरा. अट एकच की ती सूट आणि नो कॉस्ट दोन्ही एकत्र मिळतात की दोहोंपैकी एकच, हे स्वाइप करण्याआधी विचारून घ्यायचं. मशीनमध्ये योजना निवडली गेली की दुकानदार ती नंतर सहसा बदलून देत नाही.

स्लिपवर कर्ज ३४,४७६ ऐवजी पूर्ण ३६,००० आणि हप्ता ६,२६५ छापून आला, तर घाबरून जायचं कारण नाही, पण सावध व्हायचं कारण आहे. ही दुसऱ्या जातीची योजना असते. यात सूट आधी मिळत नाही, कॅशबॅक म्हणून नंतर कार्डात जमा होते. सहा हप्त्यांचे ३७,५९१ भरायचे आणि १,५९१ परत यायची वाट पाहायची. ती कधीकधी तीन महिन्यांपर्यंत येत नाही. कॅशबॅकची रक्कम आणि मुदत स्लिपवर छापलेली असेल तरच ती आपली. "येईल साहेब, सगळ्यांना येते" हा काही पुरावा नव्हे. ओळखायची खूण सोपी आहे: स्लिपवरचा हप्ता गुणिले महिने. गुणाकार किमतीएवढा आला तर सूट आधीच मिळाली. जास्त आला तर उरलेले पैसे कोणाकडून तरी परत यायचे आहेत.

या सगळ्याहून वेगळा प्रकार म्हणजे घरी येऊन ॲपवरून केलेला हप्ता. दुकानात नुसतं स्वाइप केलं, आणि दोन दिवसांनी बँकेचा संदेश आला की तुमची ३६,००० ची खरेदी हप्त्यांत बदला. इथे दुकानदारही नाही आणि कंपनीही नाही, त्यामुळे व्याजाएवढी सूट देणारं कोणीच नाही. मग शून्य टक्के कसे येणार? बहुतेक वेळा येतच नाहीत. साधं व्याज लागतं आणि शिवाय फी. पण समजा शून्य टक्के, तीन महिने, प्रोसेसिंग फी तीन टक्के अशी योजना पुढे आली, तर? तीन टक्के म्हणजे १,०८० रुपये, त्यावर १९४.४० जीएसटी, मिळून १,२७४. तीन महिन्यांत छत्तीस, चोवीस आणि बारा हजार वापरायला मिळाले. वर्षाच्या हिशेबानं सहा हजार. त्यावर १,२७४ म्हणजे एकवीस टक्क्यांहून जास्त. २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं ज्यावर बोट ठेवलं होतं, ते हेच. फीचा दर टक्क्यांत सांगितला की तो वार्षिक व्याजदरासारखा वाटतो आणि तीन हा आकडा पंधरापेक्षा लहान दिसतो. पण फी एकदाच आणि पूर्ण रकमेवर लागते, तर व्याज उरलेल्या मुद्दलावर आणि महिन्याच्या हिशेबानं. मुदत जितकी कमी, तितकी टक्केवारीतली फी महाग. घाईच्या वेळी एक ढोबळ नियम पुरतो: फीची टक्केवारी, अधिक तिचा जवळपास पाचवा हिस्सा कर, आणि तीन महिन्यांच्या हप्त्यांसाठी येणाऱ्या आकड्याला सहानं गुणायचं, सहा महिन्यांसाठी साधारण साडेतीननं. तो आला वर्षाचा दर.

फ्रिज विकत घेणाऱ्या फायनान्स कंपनीच्या हप्त्यांबद्दलही इथे एक ओळ. कार्डाऐवजी दुकानात बसलेल्या फायनान्सवाल्याकडून हप्ते केले, तर ते साधं कर्ज असतं आणि त्याच्या व्याजावर जीएसटी नसतो. त्या कंपनीची प्रोसेसिंग फी मात्र असते आणि फीवर जीएसटीही असतो. तेव्हा दोन्हींची तुलना करताना कार्डाच्या बाजूला व्याजावरचा कर मिळवायला विसरू नये.

आतापर्यंतचे सगळे आकडे एका अटीवर टिकतात: प्रत्येक स्टेटमेंट पूर्ण भरलं पाहिजे. कार्डाचा हप्ता हा वेगळा खातेउतारा नसतो. तो किराणा, पेट्रोल, वीजबिल यांच्याबरोबर त्याच बिलात येतो. महिन्याचं बिल पूर्ण न भरता नुसती किमान रक्कम भरली, की उरलेल्या रकमेवर कार्डाचं नेहमीचं व्याज सुरू होतं, आणि ते बऱ्याच कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या पुढे असतं. नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. या व्याजावरही १८ टक्के जीएसटी, उशिराच्या दंडावरही १८ टक्के जीएसटी. हप्ता किमान रकमेत धरलेला असतो, म्हणून किमान रक्कम भरली की हप्ता भरला गेला, पण बाकीचं बिल पेटलं, अशी अवस्था होते. एका महिन्याच्या अशा चुकीत ५०९ रुपयांचा सगळा हिशेब वाहून जातो. क्रेडिट लिमिटचंही तसंच: फ्रिज घेतल्या दिवशी कर्जाची पूर्ण रक्कम लिमिटमधून अडकते आणि जसजसं मुद्दल फिटतं तसतशी सुटते. पन्नास हजारांच्या लिमिटवर दिवाळीचे कपडे आणि फ्रिज एकत्र बसत नाहीत, आणि हे कपड्यांच्या दुकानात कार्ड नाकारलं गेल्यावर कळतं. हप्त्यांच्या व्यवहारावर रिवॉर्ड पॉइंट बऱ्याच बँका देत नाहीत. ते मिळणारच असं धरून कार्ड निवडलं असेल तर तेवढं वजा.

सगळ्यात जास्त गोंधळ वस्तू परत करताना होतो. फ्रिज थंड करत नाही म्हणून आठवड्यानं परत गेला, दुकानानं पैसे परत केले, कार्डात ३४,४७६ जमा झाले. छत्तीस हजार का नाहीत म्हणून भांडायची गरज नाही, कारण आपल्याकडून गेले होते तेवढेच. पण दुकानानं पैसे परत केले म्हणून बँकेतला हप्ता आपोआप बंद होतोच असं नाही. जमा रक्कम कार्डात एका बाजूला पडून राहते आणि दुसऱ्या बाजूला दर महिन्याला सहा हजारांचा हप्ता, व्याज आणि कर लागत राहतो. म्हणून परताव्याची नोंद दिसली की बँकेला फोन करून हप्त्याचं कर्ज रद्द करायला सांगायचं आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवायचा. बँक ते मुदतपूर्व बंद केलेलं कर्ज समजून उरलेल्या मुद्दलाच्या टक्केवारीत शुल्क लावत असेल, तर वस्तू परत गेल्याचा दुकानाचा कागद दाखवून ते काढून मागता येतं. काही बँका ठरावीक दिवसांच्या आत रद्द केल्यास शुल्क लावत नाहीत. तोपर्यंत लागलेलं व्याज आणि त्यावरचा कर मात्र बऱ्याचदा परत येत नाही. प्रोसेसिंग फीचे १९९ रुपयेही सहसा येत नाहीत, आणि त्यावर भरलेले ३५ रुपये ८२ पैसेही नाहीत.